२०४ की २००: पाण्याच्या हार्डनेसच्या एका अहवालाच्या नोंदी

आमची लॅब लहान आहे. पाणी, सांडपाणी आणि थोडं मातीपरीक्षण. हार्डनेसचा अहवाल म्हणजे साचा उघडायचा, आकडे भरायचे, सही करायची, इतकं सोपं काम समजायचो आम्ही. या अहवालाला नऊ दिवस लागले, आणि चाचणी त्यातली जेमतेम पाऊण तासाची होती. आयएसओ १७०२५ प्रमाणे अहवाल लिहिणाऱ्या छोट्या लॅबवाल्यांना उपयोग होईल म्हणून, तेव्हा वहीत टिपलेलं इथे जसंच्या तसं देते आहे. ग्राहकाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

३ जून

एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव मिनरल वॉटरच्या दोन एक लिटरच्या बाटल्या घेऊन आले. बोअरचं पाणी. सॉफ्टनर विकणारा येऊन "पाणी फार जड आहे" असं सांगून गेला होता, कमिटीतल्या दोघांना ते पटत नव्हतं आणि १५ तारखेला सभा होती. त्यांचं मागणं सरळ होतं: "मॅडम, पाणी चांगलं की वाईट, एवढं लिहून द्या."

मागणी अर्जावर काउंटरवरच्या मुलीने भरलं: एकूण हार्डनेस, पद्धत आयएस ३०२५ भाग २१, तुलना आयएस १०५००:२०१२ शी. खाली "निर्णयाचा नियम" असा एक रकाना आहे. तो रिकामाच राहिला. सचिवांनी सही केली, मीही केली. त्या रिकाम्या रकान्यात पुढे दोन दिवस गेले.

बाटल्यांवर नुसतं "पाणी" लिहिलेलं. नमुना कुठून घेतला ते त्याच वेळी विचारायला हवं होतं. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, पंपाजवळच्या नळाचं, सकाळी साडेसहाचं. गच्चीच्या टाकीत नगरपालिकेचं पाणीही येतं, त्यामुळे टाकीच्या नळाचं असतं तर गोष्टच वेगळी झाली असती. माझ्याकडे पुरावा फक्त त्यांच्या शब्दाचा. म्हणून अहवालात "नमुना ग्राहकाने घेतला, जागा व वेळ ग्राहकाने सांगितल्यानुसार, निकाल मिळालेल्या नमुन्यापुरते" असं लिहायचं ठरवलं. हे वाक्य आमच्या साच्यात आहेच, पण एवढे दिवस ते शोभेचं वाटायचं.

४ जून

चाचणी. ५० मिली नमुना, अमोनिया बफरने पीएच १० च्या आसपास, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ०.०१ मोलर ईडीटीए. बफर घातल्यावर पाच मिनिटांच्या आत संपवायचं, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं आणि निकाल कमी येतो. ज्युनियर केमिस्टने केलं, मी शेजारी उभी होते.

वाचनं १०.२५ आणि १०.३० मिली, ब्लँक ०.०५. ब्लँक वजा केला की १०.२० आणि १०.२५, सरासरी १०.२२५ मिली. बाटल्यांत ॲसिड घातलेलं नव्हतं, म्हणून त्याच दिवशी उरकून घेतलं. दुसऱ्या बाटलीचं बूच न उघडता ती फ्रिजमध्ये ठेवली. हे एक काम बरोबर केलं.

५ जून

पहिला मसुदा. मागच्या महिन्याचा अहवाल कॉपी करून बदलला. संध्याकाळपर्यंत मसुद्याची अवस्था अशी: निकाल २०५ मिलिग्रॅम प्रति लिटर, अनिश्चितता ± ३, निष्कर्ष "आयएस १०५०० च्या २०० च्या मर्यादेपेक्षा जास्त, पिण्यास अयोग्य".

एका ओळीत तीन चुका. त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी.

६ जून

क्वालिटी मॅनेजर सरांनी मसुदा परत केला. लाल पेनने फक्त तीन प्रश्नचिन्हं: २०५ जवळ एक, ३ जवळ एक, "अयोग्य" जवळ एक.

पहिलं लगेच उलगडलं. साच्यात ईडीटीएची तीव्रता ०.०१ अशी पक्की टाइप केलेली होती. त्या आठवड्यात कॅल्शियम कार्बोनेटशी पडताळलेली खरी तीव्रता होती ०.००९९८. हिशेब असा:

```
H = (V - B) x M x 100.09 x 1000 / S
H = 10.225 x 0.00998 x 100.09 x 1000 / 50 = 204.3
```

म्हणजे २०४. एका मिलिग्रॅमचा फरक, एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मर्यादा २०० असताना मला प्रत्येक मिलिग्रॅम मोजून द्यायचा होता. साच्यातला तो आकडा काढला आणि तिथे पडताळणीच्या नोंदीचा क्रमांक लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी सोय केली. जुने अहवाल चाळले तर मागचे चार महिने हाच आकडा वापरला जात होता. सुदैवाने त्यातले कुठलेही निकाल मर्यादेच्या जवळ नव्हते. तरी विसंगत कामाच्या नोंदवहीत नोंद केली आणि सरांना दाखवली. अर्धा दिवस त्यात गेला.

७ जून

± ३ कुठून आलं? मी दीड वर्षापूर्वी केलेल्या एका शीटमधून. तेव्हा एकाच दिवशी, एकाच केमिस्टकडून, एकाच नमुन्याची दहा वाचनं घेतली होती. त्यांचं प्रमाण विचलन ०.०८ मिली. दोनची सरासरी देतो म्हणून त्याला वर्गमूळ दोनने भागलं, की १०.२ मिलीवर साधारण ०.५५ टक्के. त्यात ब्युरेटचे ०.२८ आणि पिपेटचे ०.०६ टक्के. वर्गांची बेरीज, वर्गमूळ, दुप्पट: सव्वा टक्का. २०४ वर अडीच, म्हणजे ± ३.

ईडीटीएच्या तीव्रतेची अनिश्चितता त्यात नव्हतीच. ती साधारण ०.४ टक्के, मुख्यतः प्रमाणित द्रावण तयार करण्यातली. पण खरी फसगत वेगळीच होती. कंट्रोल चार्ट उघडला. २०० चं कंट्रोल द्रावण आम्ही दर आठवड्याला जोडीने करतो आणि सरासरी लिहितो. तिथलं प्रमाण विचलन २.४ मिलिग्रॅम, म्हणजे १.२ टक्के. शीटमधल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. एकाच दिवशी एकाच माणसाने घेतलेली वाचनं आपसांत जुळणारच. आठवड्या-आठवड्याला, वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या बफरने ती तशी जुळत नाहीत, आणि ग्राहकाच्या नमुन्यावर या दुसऱ्या प्रकारचाच अनिश्चितपणा असतो.

८ जून

इतका फरक का, ते पाहायला मुद्दाम अर्धा दिवस काढला. कंट्रोल द्रावण दोघा केमिस्टना शेजारी शेजारी करायला दिलं. कारण डोळ्यांनी दिसलं. वाइनसारखा लाल रंग थेट निळा होत नाही, मध्ये एक जांभळी अवस्था येते. आमची ज्युनियर लालीचा शेवटचा अंश गेला की थांबते. सीनियर "स्वच्छ निळं" दिसेपर्यंत आणखी एक, कधी दोन थेंब टाकतात. एक थेंब म्हणजे ०.०५ मिली, आणि आमच्या हिशेबात ०.०५ मिली म्हणजे एक मिलिग्रॅम प्रति लिटर. दोघांत दोन मिलिग्रॅमचा फरक केवळ डोळ्यांचा!

यावर उपाय केला: अंतिम रंगाची तुलना करायला एक जास्त टायट्रेट केलेला फ्लास्क शेजारी पांढऱ्या टाइलवर ठेवायचा. पुढच्या महिन्यांत चार्ट आकुंचन पावेल अशी आशा आहे. पण या अहवालाला आजचाच चार्ट लागू, उद्याचा नाही.

नवा हिशेब:

```
=2*SQRT(1.2^2+0.4^2+0.28^2+0.06^2)
```

उत्तर २.५९ टक्के. २०४ वर ५.३, म्हणजे ± ५, k = २, साधारण ९५ टक्के विश्वासपातळी. सरांनी एक शंका काढली: ईडीटीए दर आठवड्याला पडताळतो, तर त्याचा काही भाग चार्टमध्ये आधीच आलेला आहे, मग ०.४ दोनदा मोजत नाही का? बरोबर आहे, थोडं दोनदा मोजतोय. पण ०.४ पूर्ण काढलं तरी २.४७ टक्के येतात, २०४ वर पुन्हा ± ५ च. मग वाद सोडला आणि शीटमध्ये तसं टिपून ठेवलं.

दुसरी बाटली सीनियरकडून करून घेतली. २०५ आलं. हा आकडा अहवालात जात नाही, पण माझ्या मनातली "पहिल्या बाटलीतच काही घोळ असेल" ही शंका गेली.

आणखी एक: या ± ५ मध्ये नमुना घेण्यातली अनिश्चितता नाही. पंप किती वेळ चालवल्यावर बाटली भरली, त्यावरही बोअरच्या पाण्याचा हार्डनेस बदलू शकतो. त्याबद्दल मला काहीच माहीत नाही. म्हणून अहवालात आकड्याच्या खालीच ओळ: "अनिश्चितता विश्लेषणापुरती, नमुना घेण्याचा भाग समाविष्ट नाही."

१० जून

आता तिसरं प्रश्नचिन्ह. हेच सगळ्यात अवघड.

२०४ ± ३ असतं तर खालचं टोक २०१. मर्यादा ओलांडली, असं ठामपणे म्हणता आलं असतं. २०४ ± ५ चं खालचं टोक १९९. २०० त्या पट्ट्याच्या आत आली. म्हणजे चुकीच्या अनिश्चिततेमुळे मी एक ठाम निष्कर्ष देऊन बसले असते आणि त्याच्या जोरावर कुणीतरी मोठी खरेदी केली असती.

आयएसओ १७०२५ च्या ७.१.३ मध्ये स्पष्ट आहे: ग्राहकाला अनुरूपतेचं विधान हवं असेल तर मानक कोणतं आणि निर्णयाचा नियम कोणता, हे आधी ठरलं पाहिजे, नियम मानकातच असेल तर गोष्ट वेगळी. आयएस १०५०० मध्ये असा नियम मला सापडला नाही. आणि आमचा रकाना रिकामा.

आता निकाल हातात असताना नियम निवडणं म्हणजे पत्ते पाहून डाव ठरवण्यासारखं. साधी स्वीकृती घेतली, म्हणजे अनिश्चितता बाजूला ठेवून आकडा सरळ मर्यादेशी ताडला, तर २०४ नापास. स्वीकृतीसाठी संरक्षक पट्टा ठेवला तर पास व्हायला १९५ किंवा कमी हवं, तेव्हाही नापास. उलट, नापास म्हणण्यासाठी पट्टा ठेवला तर २०५ च्या वर गेल्याशिवाय नापास म्हणता येत नाही. आकडा तोच, नियम बदलला की उत्तर बदलतं.

मी सुचवलं, आमच्याकडचा नेहमीचा नियम लावून टाकू. सर म्हणाले, "नेहमीचा कुठला? लिहिलाय कुठे?" लिहिलेला नव्हता.

शेवटी सचिवांना निकाल न सांगता पत्र पाठवलं. सोप्या मराठीत दोन पर्याय. पहिला: आकडा मर्यादेशी थेट ताडू; आकडा मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर विधान चुकीचं असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दुसरा: चार पायऱ्या, म्हणजे मर्यादेच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेएवढा पट्टा सोडून अनुरूप, सशर्त अनुरूप, सशर्त अननुरूप, अननुरूप. हा दुसरा आयलॅकच्या जी८ मार्गदर्शिकेतला आहे. सचिवांचा फोन आला, "मॅडम, आम्हाला पास की फेल कळलं की बास." मी म्हटलं, काका, तुम्ही निवडायचं, आम्ही नाही. आणि निकाल विचारू नका, आत्ता सांगता येणार नाही.

संध्याकाळी ईमेल आलं: दुसरा पर्याय. कमिटीतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी आग्रह धरला म्हणे. त्यांचे आभार मानायला हवे होते, राहून गेलं.

११ जून

निष्कर्षाचा मजकूर. "पिण्यास अयोग्य" पहिल्याच झटक्यात कापलं. आम्ही एकच घटक तपासला होता. हार्डनेस ५० असलेल्या पाण्यात ई. कोलाय असू शकतात आणि २५० वाल्यात नसू शकतात. "पिण्यास योग्य" किंवा "अयोग्य" दोन्ही आमच्या चाचणीच्या आवाक्याबाहेर. म्हणून अहवालाच्या वरच्या भागात, "व्याप्ती" या मथळ्याखाली, सरळ लिहिलं: "फक्त एकूण हार्डनेस तपासला आहे. सूक्ष्मजीव, फ्लोराइड, नायट्रेट, टीडीएस व इतर घटक तपासलेले नाहीत. हा अहवाल पाण्याच्या पिण्यायोग्यतेबद्दल विधान करत नाही."

दुसरी गोष्ट मसुद्यात मी पूर्ण विसरले होते. आयएस १०५०० मध्ये हार्डनेसला दोन मर्यादा आहेत. स्वीकारार्ह मर्यादा २००, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर परवानगी असलेली ६००. नुसती २०० सांगितली तर सॉफ्टनरवाल्याच्या हातात कोलीत. नुसती ६०० सांगितली तर सोसायटीची खोटी समजूत, कारण त्यांच्याकडे नगरपालिकेचं पाणी येतं. दुसरा स्रोत "उपलब्ध" आहे की नाही, हे ठरवणं लॅबचं काम नाही. म्हणून दोन्ही लिहायच्या, अटीसकट.

शेवटचा मजकूर असा ठरला:

"एकूण हार्डनेस (कॅल्शियम कार्बोनेट म्हणून): २०४ ± ५ मिलिग्रॅम प्रति लिटर (k = २, सुमारे ९५ टक्के). आयएस १०५००:२०१२ मधील २०० च्या स्वीकारार्ह मर्यादेशी तुलना: सशर्त अननुरूप. निकाल मर्यादेपेक्षा जास्त आहे, परंतु फरक मापनाच्या अनिश्चिततेपेक्षा कमी आहे. पर्यायी स्रोत नसताना लागू होणाऱ्या ६०० च्या मर्यादेशी तुलना: अनुरूप. निर्णयाचा नियम: संरक्षक पट्टा अनिश्चिततेएवढा, चार पायऱ्या, ग्राहकाशी १० जून रोजी लेखी ठरल्याप्रमाणे."

"सशर्त अननुरूप" हे शब्द मला अजून आवडत नाहीत. कोर्टाच्या कागदावरचे वाटतात. पण "बहुधा नापास" असं लिहिणं जास्त वाईट, म्हणून पुढचं वाक्य जोडलं. जास्त खोलात जायचं तर खरी किंमत २०० च्या वर असण्याची शक्यता या आकड्यांवरून नव्वदच्या पुढे जाते, पण तो आकडा अहवालात घातला नाही. वाचणारा ९३ टक्के पाहतो आणि पुढचं वाचत नाही.

सॉफ्टनर घ्यावा का, यावर एक ओळ लिहिण्याचा मोह झाला होता. ते मत झालं. मत द्यायला अधिकृत व्यक्ती लागते, ते मत म्हणून ओळखू येईल असं लिहावं लागतं आणि त्यामागचा आधारही नोंदवून ठेवावा लागतो. आमच्याकडे हार्डनेसच्या मतासाठी कुणी अधिकृत नाही. सोडून दिलं.

पद्धतीच्या ओळीत मानकाच्या आवृत्तीचं वर्ष जुन्या अहवालातून न घेता कपाटातल्या प्रतीवरून टाकलं. साच्यात वेगळंच होतं.

१२ जून

सरांची सही, अहवाल गेला. तपासणी शुल्क ५०० रुपये, आणि माझे वहीत मोजलेले तास अकरा.

दुपारी सचिवांचा फोन. पहिलं पान नीट वाचलं होतं. म्हणाले, "म्हणजे चार मिलिग्रॅमसाठी एवढं?" मी म्हटलं, हो, चारसाठीच. मग त्यांनी विचारलं, पंप तासभर चालवून तुमच्या माणसाने नमुना घेतला तर उत्तर पक्कं होईल का? नमुना कसा घेतला ते पक्कं होईल, आकडा कुठे येईल ते सांगता येत नाही, एवढंच सांगितलं. नमुना घ्यायचं वेगळं शुल्क सांगितलं. "सभेत विचारतो" म्हणाले.

१७ जून

सभेत सोसायटीच्या नावावरून वाद. अहवालावर पाटीवरचं नाव होतं, नोंदणीकृत नाव वेगळं. कागद परत आला. फाइल उघडून नाव बदलून तोच क्रमांक परत पाठवणं दोन मिनिटांचं काम होतं, आणि पूर्वी आम्ही तेच केलं असतं. या वेळी नवा क्रमांक, त्यात "सुधारित अहवाल, १२ जूनच्या अहवालाच्या जागी" असा उल्लेख, आणि काय बदललं याची एक ओळ: फक्त ग्राहकाचं नाव, निकालात बदल नाही. पहिली प्रत परत मागवली, ती "रद्द" शिक्का मारून फाइलला लावली.

मागणी अर्जाचा नवा गठ्ठा छापायला टाकला. निर्णयाच्या नियमाचा रकाना आता सहीच्या रेघेच्या लगेच वर आहे, दोन पर्यायांच्या चौकटींसह. काउंटरवरच्या मुलीला सांगितलंय, दोन्हींतली एक टिक असल्याशिवाय बाटली आत घ्यायची नाही.